तेवीस उड्डाणं आणि एक नाणं

एक नाणं दहा वेळा उडवलं. सात वेळा छापा पडला, तीन वेळा काटा. या नाण्याचा छापा पडण्याचा कल किती? कुणीही पटकन सांगेल, दहात सात, म्हणजे ०.७. उत्तर बरोबर आहे. पण ते बरोबर का, असं विचारलं की बहुतेकांची गाडी अडते. सात छापे निर्दोष नाण्यालाही पडू शकतात आणि ०.८ कल असलेल्या नाण्यालाही पडू शकतात. मग ०.७ लाच मान का द्यायचा?

उत्तर मिळवायची रीत थोडी उलटी आहे. नाण्याबद्दल एकेक कल्पना धरायची आणि प्रत्येकीला विचारायचं: तू खरी असतीस, तर आत्ता जे घडलं ते घडण्याची शक्यता किती होती? समजा, कल ०.५ आहे. मग प्रत्येक फेकीचा वाटा अर्धा. दहा फेकींचे वाटे एकमेकांनी गुणले की एक भागिले १०२४ मिळतात, म्हणजे दहा लाखांत साधारण ९७७. कल ०.६ धरला तर सात छाप्यांसाठी ०.६ सात वेळा आणि तीन काट्यांसाठी ०.४ तीन वेळा गुणायचे. हा आकडा दहा लाखांत १७९२ येतो. ०.७ ला २२२४, ०.८ ला १६७८ आणि ०.९ ला फक्त ४७८. आकडा चढतो, ०.७ ला शिखर गाठतो आणि उतरतो. ०.६९ आणि ०.७१ घेऊन पाहिलं तरी शिखर ०.७ वरच राहतं.

या आकड्याला संख्याशास्त्रात लाइकलीहूड म्हणतात, आणि तो जिथे सर्वांत मोठा होतो ती किंमत निवडण्याच्या रीतीला मॅक्झिमम लाइकलीहूड. रोनाल्ड फिशर या इंग्लिश संख्याशास्त्रज्ञानं विद्यार्थी असतानाच, १९१२ मध्ये, तिची पहिली मांडणी केली आणि १९२२ मध्ये तिला पक्का पाया दिला.

इथे एक गैरसमज फार सहज होतो. २२२४ हा आकडा ‘नाण्याचा कल ०.७ असण्याची शक्यता’ सांगत नाही. कल ०.७ धरला तर हाती आलेला निकाल किती सहज आला असता, एवढंच तो सांगतो. त्यामुळे असा एकटा आकडा निरर्थक असतो. दोन आकड्यांची तुलना मात्र बोलकी असते. आपल्या दहा फेकींत ०.७ हा कल ०.५ पेक्षा फक्त सव्वादोन पट सरस ठरला, म्हणजे नाणं खोटं आहे असा आरोप करायला हा पुरावा अगदीच तोकडा आहे. हजार फेकींत सातशे छापे पडले असते, तर हेच गुणोत्तर एकावर पस्तीस शून्यं लिहून होणाऱ्या संख्येपेक्षाही मोठं झालं असतं. उत्तर दोन्हीकडे ०.७ च, पण त्यामागचं बळ वेगळं. आणि तीनच फेकी करून तिन्ही छापे आले, तर ही रीत बिनदिक्कत सांगते की कल १ आहे, काटा कधी पडणारच नाही. तिला दिलेल्या पुराव्यापलीकडचं काही कळत नाही. ही खोड लक्षात असू द्या.

आता नाणं बाजूला ठेवून फ्लोरिडाला जाऊ. २८ जानेवारी १९८६ च्या सकाळी ‘चॅलेंजर’ अंतराळयान उडालं आणि ७३ सेकंदांत फुटलं. सातही अंतराळवीर गेले. यानाच्या घन इंधनाच्या बूस्टरचे भाग जिथे जोडले जातात, तिथे रबराची मोठी कडी बसवलेली असते. तिला ओ-रिंग म्हणतात. थंडीत रबर ताठरतं, फट चटकन बुजत नाही, आणि तापलेला वायू बाहेर निसटतो.

आदल्या रात्री बूस्टर बनवणाऱ्या मॉर्टन थायोकोल कंपनीचे अभियंते आणि नासाचे अधिकारी दूरध्वनीवरून याच मुद्द्यावर वाद घालत होते. सकाळी ३१ अंश फॅरनहाइट, म्हणजे शून्य सेल्सिअसच्या किंचित खाली, तापमान अपेक्षित होतं. आधीची चोवीस उड्डाणं झाली होती. त्यांपैकी एकाचे बूस्टर समुद्रात बुडाले, म्हणून तपासणीच्या नोंदी तेवीस उड्डाणांच्या. त्यांत सात वेळा ओ-रिंगला इजा दिसली होती. त्या सात उड्डाणांची तापमानं होती ५३, ५७, ५८, ६३, ७०, ७० आणि ७५. थंडीतही इजा, उबेतही इजा. यात तापमानाचा संबंध कुठे दिसतो? कंपनीनं आधी उड्डाण नको म्हटलं आणि मग माघार घेतली.

उरलेली सोळा उड्डाणं, ज्यांत इजा झालीच नाही, त्या रात्रीच्या तुलनेत आलीच नव्हती. त्यांतलं सर्वांत थंड उड्डाण ६६ अंशांचं होतं. म्हणजे ६५ च्या खाली झालेल्या चारही उड्डाणांत इजा, आणि वर झालेल्या एकोणिसांपैकी फक्त तिघांत. अपघातानंतर नेमलेल्या रॉजर्स आयोगानं या चुकीवर नेमकं बोट ठेवलं.

हाच प्रश्न नाण्याच्या भाषेत मांडून पाहू. प्रत्येक उड्डाण म्हणजे एक फेक: इजा झाली तर छापा, नाही तर काटा. तेविसांत सात छापे. सगळी उड्डाणं एकाच नाण्याच्या फेकी मानल्या, तर कल ७ भागिले २३, म्हणजे ०.३०४. पण आपला संशय असा की नाणं दर वेळी वेगळं आहे आणि त्याचा कल तापमानानं ठरतो. मग प्रत्येक तापमानाला कल किती, हे सांगणारा नियम हवा.

सरळ रेषेचा नियम सर्वांत सोपा. पण तेवीस बिंदूंमधून नेहमीच्या पद्धतीनं रेषा ओढली तर ती ३१ अंशांना इजेची शक्यता पावणेदोनशे टक्के सांगते, आणि ८१ अंशांना शून्याहून कमी. असली शक्यता जगात नसते. म्हणून शक्यतेऐवजी इजा होण्याची आणि न होण्याची शक्यता यांचं गुणोत्तर घ्यायचं, त्याचा लॉगरिदम काढायचा आणि तो तापमानासोबत सरळ रेषेत चालतो असं धरायचं. लॉगरिदम कितीही वर-खाली गेला, तरी परत फिरवल्यावर शक्यता ० आणि १ यांच्यामध्येच येते. सूत्र असं:

p = 1 / (1 + e^−(a + b·t))

इथे t म्हणजे तापमान. a आणि b हे दोन आकडे कुठून आणायचे, एवढाच प्रश्न उरतो, आणि तो नाण्याच्या वेळचाच प्रश्न आहे. a आणि b ची एक जोडी घ्या. तिच्यावरून तेवीस उड्डाणांसाठी तेवीस कल काढा. इजा झाली तिथे p घ्या, झाली नाही तिथे १ वजा p. सगळे एकमेकांनी गुणा. ज्या जोडीला हा गुणाकार सर्वांत मोठा, ती जोडी आपली. लॉजिस्टिक रिग्रेशन म्हणतात ते हेच. फरक इतकाच की दहा फेकींचं शिखर एका ओळीच्या गणितानं सापडलं होतं. इथे तसं सरळ सूत्र निघत नाही, म्हणून संगणक शिखराकडे एकेक पाऊल टाकत जातो. गुणाकार फार चिमुकला होतो, म्हणून प्रत्यक्षात लॉगरिदमांची बेरीज करतात. लॉजिस्टिक रिग्रेशनमध्ये या बेरजेला शिखर असलं तर ते एकच असतं, त्यामुळे भलत्याच टेकाडावर अडकायची भीती नाही. इतर प्रश्नांत लाइकलीहूडच्या समीकरणाला अनेक उत्तरं निघू शकतात. माहिती वाढत गेली की त्यांतलं खऱ्या किमतीकडे सरकणारं उत्तर एकच असतं आणि ते शिखरच असतं, हे १९४८ मध्ये दाखवलं कोल्हापूरच्या वसंत शंकर हुजूरबाजार यांनी. पुढे पुणे विद्यापीठाचा संख्याशास्त्र विभाग त्यांनीच उभा केला.

चॅलेंजरच्या तेवीस उड्डाणांना a येतो सुमारे १५.०४ आणि b येतो उणे ०.२३२. ५३ अंशांना इजेची शक्यता ९४ टक्के, ६५ ला जवळजवळ अर्धी, ८१ ला सव्वादोन टक्के. तापमान दहा अंशांनी उतरलं की ‘होण्याचं न होण्याशी’ गुणोत्तर दहापट होतं. एकाच नाण्याच्या कल्पनेशी तुलना केली तर या नियमाचं लाइकलीहूड सुमारे ५३ पट मोठं आहे. दहा फेकींतल्या सव्वादोन पटीपुढे हा पुरावा चांगलाच वजनदार आहे, तोही अवघ्या तेवीस फेकींतून.

ही सरशी येते कुठून, ते पाहण्यासारखं आहे. ७५ अंशांच्या इजा झालेल्या उड्डाणानं नियमाचं नुकसानच केलं: एकाच नाण्यानं त्याला ०.३०४ चा वाटा दिला असता, नियम देतो जेमतेम ०.०८५. पण ८१ अंशांचं बिनइजेचं उड्डाण आपला वाटा ०.६९६ वरून ०.९८ वर नेतं, आणि तशी इजा न झालेली उड्डाणं एकूण सोळा आहेत. गुणाकारात काट्याचाही एक वाटा असतो. तो गाळला की शिखरच नाहीसं होतं: फक्त सात छापे उरले, तर मघाच्या तीन फेकींप्रमाणे ही रीत म्हणेल की इजा नेहमीच होते, आणि तापमानाबद्दल गप्प बसेल. त्या रात्रीच्या चर्चेत नेमकं तेच झालं.

उलट बाजूनंही हीच खोड बाधते. समजा, ७०, ७० आणि ७५ अंशांच्या तीन इजा झाल्याच नसत्या. मग ६३ पर्यंत सगळीकडे इजा आणि ६६ पासून कुठेच नाही, असं स्वच्छ चित्र दिसलं असतं. माणसाला ते आवडतं, गणिताला नाही. रेषा जितकी तीव्र कराल तितकं लाइकलीहूड वाढत जातं, शिखर येतच नाही. संगणक कुठेतरी थकून थांबतो आणि अवाढव्य b देतो; त्याची अनिश्चितता त्याहून अवाढव्य असते. R मध्ये अशा वेळी हा इशारा येतो:

```
glm.fit: fitted probabilities numerically 0 or 1 occurred
```

तो दिसला की b वर विश्वास ठेवू नका. ज्या तीन इजांनी त्या रात्री चित्र धूसर केलं, त्यांच्यामुळेच इथे मोजता येण्याजोगं उत्तर मिळतं.

आणि ३१ अंशांना हा नियम काय सांगतो? इजेची शक्यता ९९.९६ टक्के. हा आकडा मात्र मी छातीठोकपणे वापरणार नाही. सर्वांत थंड नोंद ५३ अंशांची होती. त्याच्या बावीस अंश खाली रेषा तशीच चालत राहते, हे लाइकलीहूडनं सिद्ध केलेलं नाही, आपण गृहीत धरलेलं आहे. शिवाय इजा म्हणजे स्फोट नव्हे. त्या सातही उड्डाणांतली यानं सुखरूप परतली होती. दलाल, फाउलक्स आणि होडली या संख्याशास्त्रज्ञांनी १९८९ मध्ये हाच पुरावा बारकाईनं तपासला. इजेपासून प्रत्यक्ष सांधा निकामी होण्यापर्यंतची साखळी धरून त्यांनी ३१ अंशांना अनर्थाची शक्यता किमान १३ टक्के काढली. उड्डाण ६० अंशांपर्यंत थांबवलं असतं, तर ती दोन टक्क्यांच्या आसपास उतरली असती. एवढं कळायला लागणारे सगळे आकडे २७ जानेवारीच्या रात्री उपलब्ध होते.