विश्लेषण : ‘हे तर ठरलंच होतं’ हा वाद टाळणारा किकऑफ ईमेल, क्लायंटला पाठवताना त्यात नेमके काय लिहायचे?

कोटेशन मंजूर झाले, ॲडव्हान्स खात्यात जमा झाला आणि फोनवर ‘चला, सुरू करा’ असा हिरवा कंदीलही मिळाला. वेबसाइट, ॲप, डिझाइन किंवा व्हिडीओची कामे घेणारे अनेक फ्रीलान्सर आणि छोट्या कंपन्या इथूनच थेट कामाला लागतात. दोन महिन्यांनी मात्र ‘हे तर ठरलंच होतं’ आणि ‘असं कधी ठरलं?’ ही दोन वाक्ये समोरासमोर उभी राहतात. हा वाद पहिल्याच दिवशी मिटवणारी गोष्ट म्हणजे ‘किकऑफ ईमेल’. तो कसा लिहायचा आणि कुठे फसतो, हे एका उदाहरणातून समजून घेऊ.

किकऑफ ईमेल म्हणजे काय?

काम सुरू करण्यापूर्वी क्लायंटशी एक बैठक किंवा फोन होतो. त्यात ठरलेल्या गोष्टी त्याच दिवशी लिहून क्लायंटकडून पक्क्या करून घेणारा ईमेल म्हणजे किकऑफ ईमेल. त्यात चार गोष्टी असतात : कामाचे उद्दिष्ट, दोन्ही बाजूंनी कोण बोलणार, किती दिवसांनी आणि कशावर बोलायचे आणि पहिल्या टप्प्यात काय हातात पडणार.

हा ईमेल कोटेशनची किंवा कराराची जागा घेत नाही. किंमत, हप्ते, कामाची मालकी या गोष्टी तिथेच राहतात. त्यामुळे कोटेशनमध्ये नसलेली नवी अट या ईमेलमध्ये गुपचूप घुसवू नये. क्लायंटच्या ते लक्षात आले, तर पहिल्याच दिवशी विश्वासाला तडा जातो.

उदाहरण : सांगलीची हळद, पुण्याची टीम

समजा, पुण्यातील दोघा तरुणांच्या टीमला सांगलीतील हळद आणि मसाले विकणाऱ्या एका कुटुंबाकडून ऑनलाइन विक्रीच्या वेबसाइटचे काम मिळाले. व्यवसाय दोन भावांचा आहे. थोरले भाऊ हिशेब पाहतात, धाकटे विक्री सांभाळतात आणि ‘कम्प्युटरचं सगळं’ पुतण्याकडे आहे. कोटेशन ६० हजार रुपयांचे. सोमवारी, ६ जुलैला फोनवर पाऊण तास बोलणे झाले. त्याच संध्याकाळी जाणारा ईमेल साधारण असा असेल :

> विषय : वेबसाइटचे काम – ६ जुलैच्या फोनवर ठरलेल्या गोष्टी (कृपया बुधवारपर्यंत ‘मान्य’ कळवावे)
>
> नमस्कार साहेब,
>
> आज दुपारी झालेल्या बोलण्यातून आम्हाला जे समजले ते खाली लिहीत आहे. काही चुकले असेल तर याच ईमेलवर दुरुस्त करावे.
>
> उद्दिष्ट : ३० सप्टेंबरपर्यंत ग्राहकाला मोबाइलवरून तुमची १२ उत्पादने पाहता यावीत आणि यूपीआयने पैसे भरून ऑर्डर देता यावी. इंग्रजी आवृत्ती आणि कुरिअर कंपनीशी जोडणी या टप्प्यात नाही.
>
> संपर्क : डिझाइन, मजकूर आणि खर्च यांची अंतिम मंजुरी तुमची. फोटो, किमती आणि माहिती तुमचे पुतणे देतील. आमच्याकडून रोजच्या कामासाठी मी बोलेन.
>
> बोलणे : दर शुक्रवारी दुपारी ४ वाजता २० मिनिटांचा फोन. त्यानंतर ठरलेल्या गोष्टींचा छोटा ईमेल. तातडीचे काही असल्यास व्हॉट्सॲप. पण बदल आणि मंजुरी ईमेलवरच.
>
> आमच्याकडून पहिले काम : शुक्रवार, १७ जुलैला मुख्य पान आणि एका उत्पादनाच्या पानाचा कच्चा आराखडा. त्यावर एकत्रित सूचना बुधवार, २२ जुलैपर्यंत मिळाव्यात.
>
> तुमच्याकडून हवे : शुक्रवार, १० जुलैपर्यंत १२ उत्पादनांचे फोटो, वजने, किमती, एफएसएसएआय परवाना क्रमांक आणि डोमेन ज्या खात्यातून घेतले त्याचे तपशील. यास जितके दिवस उशीर होईल, तितके दिवस आमच्या तारखा पुढे जातील.
>
> धन्यवाद.

मोबाइलवर एका-दोन स्क्रोलमध्ये वाचून होईल एवढाच हा मजकूर आहे. पण त्यातल्या काही ओळी मुद्दाम तशा लिहिल्या आहेत.

उद्दिष्ट ‘ऑर्डर वाढवणे’ का नाही?

फोनवर धाकटे भाऊ म्हणाले असतील, ‘वेबसाइट झाली की ऑर्डरी वाढल्या पाहिजेत.’ त्यांची अपेक्षा रास्त आहे. मात्र ऑर्डर वाढणे हे हळदीची किंमत, जाहिरात, सणाचा हंगाम आणि पोहोचवण्याचा खर्च यावरही अवलंबून असते. यातले काहीच वेबसाइट बनवणाऱ्याच्या हातात नाही. ‘ग्राहकाला मोबाइलवरून पैसे भरून ऑर्डर देता यावी’ हे मात्र ३० सप्टेंबरला फोन हातात घेऊन कुणालाही तपासता येते. उद्दिष्ट लिहिताना एकच प्रश्न विचारावा : शेवटच्या दिवशी हे झाले की नाही, यावर दोन माणसांचे दुमत होऊ शकते का? होत असेल तर वाक्य बदलावे.

‘या टप्प्यात नाही’ ही ओळही तितकीच महत्त्वाची. फोनवर कुणीतरी ‘इंग्रजीतही करता येईल ना?’ असे विचारलेले असते आणि आपण ‘हो, करता येईल’ म्हटलेले असते. आपल्या मते ते उत्तर शक्यतेबद्दलचे असते, क्लायंटच्या मते तो शब्द दिलेला असतो. म्हणून बोलण्यात निघालेली, पण कामात नसलेली प्रत्येक गोष्ट नावाने लिहावी.

मंजुरी एकाचीच का?

कुटुंबाच्या व्यवसायात सर्वांत जास्त वेळ इथे जातो. पुतण्या हिरवा रंग पसंत करतो, काका पिवळा मागतात आणि पाच दिवसांचे काम दोनदा होते. माहिती देणारा आणि मंजुरी देणारा वेगळा असू शकतो, पण मंजुरी देणारा एकच हवा. ‘एकत्रित सूचना’ हा शब्दही त्यासाठीच आहे. भावांमधले मतभेद त्यांनी आपसात मिटवून एक यादी पाठवायची. त्यांच्यात निवाडा करणे हे टीमचे काम नाही.

माझा स्वतःचा अनुभव याच जागी फसल्याचा आहे. इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला असताना मी एका खासगी क्लासची वेबसाइट केली होती. तिथल्या मॅनेजरने प्रत्येक पान व्हॉट्सॲपवर अंगठा दाखवून मंजूर केले. शेवटी क्लासच्या मालकांनी ते पहिल्यांदाच पाहिले आणि ‘हे कुणी ठरवलं?’ असे विचारले. अर्धी वेबसाइट पुन्हा केली, तीही मूळ पैशांतच. ‘अंतिम मंजुरी कुणाची?’ हा प्रश्न मी कधी विचारलाच नव्हता.

क्लायंटच्या तारखा का लिहायच्या?

अशा कामांत उशीर होतो तो बऱ्याचदा कोडमुळे नव्हे, तर साहित्य न मिळाल्यामुळे. फोटो नसतात. डोमेन कुणा ओळखीच्याच्या ईमेलवर घेतलेले असते आणि त्याचा ओटीपी त्याच्याच फोनवर जातो. पेमेंट गेटवेसाठी व्यवसायाचे पॅन आणि बँक खाते तपासले जाते, त्यासाठी कागद मालकालाच द्यावे लागतात. पहिल्याच ईमेलमध्ये यातली जी गोष्ट लवकर लागणार आहे ती तारखेसह मागितली, तर अडचण जुलैमध्ये कळते. नाहीतर ती सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात कळते.

‘जितके दिवस उशीर, तितके दिवस पुढे’ हे वाक्य धमकीसारखे वाटू नये म्हणून ते मागणीच्या लगेच खाली, साध्या शब्दांत असावे. फोटो १० ऐवजी १५ जुलैला आले, तर आराखडाही १७ ऐवजी २२ जुलैला जाईल आणि तेव्हा कुणी कुणाला दोष देण्याची गरज उरणार नाही.

उत्तर आलेच नाही तर?

काहीजण ईमेलच्या शेवटी ‘दोन दिवसांत उत्तर न आल्यास मंजूर समजू’ असे लिहितात. त्यावर विसंबू नये. भारतीय करार कायद्यात केवळ गप्प राहणे म्हणजे सहसा होकार धरला जात नाही. म्हणून विषयाच्या ओळीतच ‘मान्य’ हा एक शब्द मागितला आहे. बुधवारपर्यंत तो आला नाही, तर गुरुवारी सकाळी फोन करून तो मागावा. फोनवर होकार मिळाला, तरी त्याच ईमेलवर एक ओळ लिहून घ्यावी.

या एका ओळीला कायद्याच्या दृष्टीनेही वजन आहे. ट्रायमेक्स विरुद्ध वेदांता ॲल्युमिनियम या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये बॉक्साइट पुरवठ्याचा करार ईमेलच्या देवाणघेवाणीतून झाल्याचे मान्य केले होते. नंतर औपचारिक करारपत्र करायचे राहिले, एवढ्याने आधी झालेला करार संपत नाही, असे न्यायालयाने म्हटले होते. त्यामुळे किकऑफ ईमेलमध्ये आपण जे लिहितो ते आपल्यालाही बांधून ठेवते, हेही विसरू नये. जमणार नाही अशी तारीख उत्साहाच्या भरात लिहू नये.

पैशांशी याचा काय संबंध?

काम दिल्यानंतरची शांतता मात्र वेगळी असते. पुण्यातील टीमची सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून ‘उद्यम’ नोंदणी असेल, तर तिला २००६ चा एमएसएमई विकास कायदा लागू होतो. त्यानुसार काम मिळाल्यापासून १५ दिवसांत ग्राहकाने लेखी हरकत घेतली नाही, तर ते काम स्वीकारले असे मानले जाते. पैसे देण्याची मुदत लेखी ठरलेली असली, तरी ती स्वीकारल्यापासून ४५ दिवसांपेक्षा जास्त असू शकत नाही.

मात्र हे दिवस मोजायचे कधीपासून? त्यासाठी काम कोणत्या तारखेला आणि कुणाच्या हाती दिले, हे दाखवता यायला हवे. पहिल्या ईमेलमध्ये कामाचे नाव, तारीख आणि मंजुरी देणारी व्यक्ती लिहिलेली असेल आणि त्याच ईमेलला उत्तर देत पुढचे प्रत्येक काम पाठवले असेल, तर हा सगळा क्रम एकाच जागी सापडतो. व्हॉट्सॲपवर तोच शोधायचा, तर ‘गुड मॉर्निंग’च्या फोटोंमधून वर सरकत जावे लागते.

ईमेल नीट जमला की नाही, कसे ओळखायचे?

क्लायंटकडून दुरुस्ती आली, तर तो जमला असे समजावे. ‘१२ नाही, १४ उत्पादने आहेत’ किंवा ‘खर्चाचं थोरल्या भावांना विचारा’ असे उत्तर आले, याचा अर्थ ईमेल नीट वाचला गेला आहे. ती दुरुस्ती धरून सुधारित ईमेल पुन्हा पाठवावा. दोन उत्पादने वाढल्याने काम किंवा खर्च वाढत असेल, तर तेही तेव्हाच सांगावे. पहिल्या आठवड्यात ही गोष्ट पाच मिनिटांच्या फोनवर मिटते. सप्टेंबरमध्ये तिच्यावरूनच शेवटचा हप्ता अडतो.