खंडेनवमीला हार्डवेअरवाल्याने काय लिहावं?

आपट्याची पानं, मागे रावणाचा पुतळा, वर सोनेरी अक्षरांत ‘हार्दिक शुभेच्छा’. खालच्या पट्टीत दुकानाचं नाव, दोन मोबाइल नंबर आणि ‘प्लायवूड, रंग, सॅनिटरी, पाईप-फिटिंग योग्य दरात मिळेल’. तालुक्याच्या गावातल्या हार्डवेअर दुकानाची दसऱ्याची पोस्ट बहुतेक वेळा अशीच दिसते. कधी ती रंगाच्या किंवा सिमेंटच्या कंपनीने डीलरला तयार करून पाठवलेली असते. मग त्यात कंपनीचा लोगो ठळक आणि दुकानाचं नाव बारीक असतं. वाचणारा ती पुढे सरकवतो, कारण तिच्यात त्याच्याशी कुणी बोललेलंच नसतं.

खरं तर या धंद्याला सणांच्या रांगेत एक हक्काचा दिवस मिळाला आहे. आश्विन शुद्ध नवमी, म्हणजे खंडेनवमी. शस्त्रपूजेच्या या दिवशी गवंडी थापी, ओळंबा आणि गुण्या घासूनपुसून ठेवतो. सुतार रंधा, पटाशी, करवत मांडतो. प्लंबर पान्हे, वायरमन पकड आणि टेस्टर. हळदकुंकू लागतं, झेंडूचं फूल वाहिलं जातं, आणि पुष्कळ घरांत पूजेतलं हत्यार त्या दिवशी वापरत नाहीत. काही ठिकाणी हीच पूजा दसऱ्याला होते. दुकानदाराच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट अशी, की पाटावर मांडलेल्या त्या वस्तूंपैकी कितीतरी त्याच्याच काउंटरवरून गेलेल्या असतात. त्याला जे विकायचं होतं, ते आधीच विकून झालं आहे. शुभेच्छेत पुन्हा विक्री घालण्याचं कारणच उरत नाही.

एक उदाहरण घेऊ. समजा, दुकानदाराने पहिल्या बैठकीत असं लिहिलं:

‘सर्व ग्राहकांना खंडेनवमी व दसऱ्याच्या हार्दिक शुभेच्छा! या शुभमुहूर्तावर हत्यारं व पॉवर टूल्सची खरेदी करा. सर्व नामांकित कंपन्यांचा माल एकाच छताखाली. आजच भेट द्या!’

यातलं ‘खरेदी करा’ आणि ‘भेट द्या’ खोडणं सोपं आहे. अवघड शब्द ‘ग्राहक’ आहे. तो शब्द राहिला, की वाक्य आपोआप मालाकडे वळतं. त्याच्या जागी कामं करणारी माणसं घातली, की लिहिण्याचा सूरच बदलतो. गवंडी, सुतार, रंगारी, वेल्डर यांची नुसती यादीही पुरत नाही. त्यांनी गावात काय केलं, ते एका ओळीत यायला हवं. आणि ते त्याच वर्षाचं, त्याच गावाचं असावं. शाळेची नवी खोली, पावसाआधी बदललेले पत्रे, वाडीवर पोचलेली पाण्याची लाइन. दुकानदाराला हे आठवायला कष्ट पडत नाहीत, कारण या प्रत्येक कामाचं सामान त्याने मोजून दिलेलं असतं. दुसऱ्या बैठकीत मजकूर असा होतो:

‘आज खंडेनवमी. थापी, रंधा, पान्हा, ब्रश आज पाटावर बसलेत. यंदा शाळेची खोली ज्यांनी उभी केली, पावसाच्या तोंडावर ज्यांनी घरांवर पत्रे चढवले, वरच्या वाडीत ज्यांनी नळाला पाणी आणलं, त्या सगळ्या कारागीर मंडळींना आमचा नमस्कार. आज हत्यारांना सुट्टी आहे, तुम्हालाही थोडा विसावा मिळो. उद्या पूजा उतरवली, की हळदकुंकू कोरड्या फडक्याने पुसून लोखंडावर तेलाचा हात फिरवा; ओल राहिली तर गंज धरतो. — दुकानातले आम्ही सगळे’

शेवटच्या सूचनेवर कुणी म्हणेल, की तेल दुकानातच मिळतं, मग ही विक्री नाही का? तेलाच्या डब्याचं नाव घातलं तर नक्कीच आहे. नाव नसेल, तर घरातल्या शिवणयंत्राचं तेलही चालतं हे वाचणाऱ्याला ठाऊक असतं, आणि सल्ला सल्लाच राहतो. शुभेच्छेत एखादी कामाची गोष्ट असावी. फक्त ती दुकानात पाऊल न टाकता करता यावी.

‘सोनं घ्यायला दुकानावर या’ ही ओळही मोह पाडते. ती टाळलेली बरी. आपट्याचं पान देताना धाकटा थोरांकडे जातो, ही आपली रीत. मग वयस्कर मिस्त्रींनी काउंटरवर येण्यापेक्षा दुकानातलाच कुणी पानं घेऊन चालू कामांच्या जागी गेला, तर ते जास्त शोभतं. दुकान बंद राहणार असेल तर मात्र ते जरूर कळवावं, पण वेगळ्या निरोपात. ऑफरचंही तसंच. दिवाळीआधी घर रंगवण्याची घाई असते, तेव्हा रंगाचे दर कळवण्यात काही गैर नाही. फक्त त्याची पोस्ट स्वतंत्र असावी आणि चार दिवसांच्या अंतराने यावी.

फोटो दुकानातलाच हवा. सकाळी शटर उघडल्यावर येणाऱ्या उजेडात, पाटावर मांडलेली वापरातली हत्यारं. काउंटरची घासलेली कात्री, पाईप कापायची करवत, वायर मोजायची फूटपट्टी, तराजू. खोक्यातून काढलेलं कोरं ड्रिल मशीन तिथे ठेवलं, की फोटोची जाहिरात होते, मग त्याला कितीही झेंडू वाहा. मागच्या फळीवरचे कंपन्यांचे डबे चौकटीत येत असतील, तर फोन थोडा खाली धरून फोटो काढावा. कारागिराचे हात किंवा चेहरा घ्यायचा असेल, तर आधी विचारावं.

पोस्ट कुणाला जाते आहे, याचाही विचार लागतो. बांधकामावरचे अनेक सुतार राजस्थान-उत्तर प्रदेशातले असतात, आणि वेल्डर, रंगारी, फरशीवाले यांत मुसलमान कारागीर पुष्कळ. वरचा मजकूर देवाऐवजी कामाला नमस्कार करतो, म्हणून तो सगळ्यांना आपला वाटू शकतो. उत्तर प्रदेश-बिहारकडचे लोक हत्यारांची पूजा विश्वकर्मा पूजेला करतात. ती साधारणपणे १७ सप्टेंबरला येते. त्या दिवशी त्यांना हिंदीत दोन ओळी गेल्या, तर त्यांना त्याचं अप्रूप वाटतं. ईदला ईदच्या शुभेच्छाही तितक्याच आपुलकीने जायला हव्यात. नाहीतर खंडेनवमीचा ‘सगळ्या’ हा शब्द खोटा पडतो.

पाठवण्याचं तंत्र फार नाही. आधी पंचांग पाहावं, कारण नवमी आणि दशमी कधी एकाच दिवशी येतात. व्हॉट्सॲपचं स्टेटस २४ तासच राहतं, म्हणून ते सकाळी लवकर, कारागीर पूजेची तयारी करत असताना लावावं. ब्रॉडकास्ट यादीत २५६ जण बसतात, पण ज्यांनी दुकानाचा नंबर फोनमध्ये साठवला आहे त्यांनाच निरोप पोचतो. जुन्या मिस्त्रींना तोच मजकूर एकेकट्याने, सुरुवातीला ‘काका’ किंवा ‘भाऊ’ घालून पाठवला, तर दहा मिनिटं जास्त लागतात आणि उत्तरं येतात.

उत्तरांवरूनच पोस्ट कशी झाली ते कळतं. नुसते जोडलेले हात आले, तर ती शिष्टाचारापुरती वाचली गेली. कुणी आपल्या घरच्या पाटाचा फोटो पाठवला, कुणी ‘वाडीची लाइन आम्हीच टाकली’ असं लिहिलं, तर ती नीट पोचली. त्या फोटोंना त्याच दिवशी, नाव घेऊन उत्तर द्यावं. आणि मध्येच कुणी विचारतोच, ‘शेठ, सिमेंटचा आज काय रेट?’ त्याला दर जरूर सांगावा, पण फोन करून. शुभेच्छेच्या खाली आकडा लिहिला, की पुढचे दहा जणही दरच विचारू लागतात.