बेरीज जुळली, तारखा बदलल्या

समजा, वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीने १ ऑक्टोबरला हिशेबाचं जुनं सॉफ्टवेअर बंद करून नवी ईआरपी प्रणाली सुरू केली. ग्राहकांकडून यायचे १२ कोटी रुपये नव्या खात्यांत चढवले गेले. बेरीज पैशापर्यंत जुळली आणि हिशेब विभागाने हुश्श केलं.

चूक बेरजेत नव्हतीच. शिल्लक चढवताना प्रत्येक बिलावर मूळ तारखेऐवजी १ ऑक्टोबर ही तारीख पडली होती. या येण्यांपैकी १ कोटी ८० लाख रुपये वर्षाहून जुने होते आणि मार्चअखेरही आले नव्हते. कंपनीच्या नियमाप्रमाणे अशा थकबाकीवर ५० टक्के, म्हणजे ९० लाखांची तरतूद करायला हवी. पण ३१ मार्चच्या एजिंग रिपोर्टमध्ये ही बिलं जेमतेम सहा महिन्यांची दिसतात आणि तिथे तरतूद फक्त २ टक्के, म्हणजे ३ लाख ६० हजार. कुणी एक रुपयाही इकडचा तिकडे केला नाही, तरी नफा ८६ लाख ४० हजारांनी फुगला.

ऑडिट समितीचे अध्यक्ष बाहेरच्या ऑडिटरला पत्र लिहितात ते अशाच जागेवर बोट ठेवण्यासाठी. ऑडिट नीट होतंय की नाही हे पाहणं २०१३च्या कंपनी कायद्याच्या कलम १७७नुसार समितीचं कामच आहे. पत्रातला नेमका प्रश्न असा असतो: “गेल्या वर्षी आपण थकबाकी तपासताना जुन्या प्रणालीच्या रिपोर्टवर विसंबला होता. यंदाचा रिपोर्ट नव्या प्रणालीतून येईल. त्यातल्या तारखा बरोबर आहेत, हे आपण कशावरून ठरवणार?”

‘आवश्यक त्या सर्व तपासण्या करू’ हे यावरचं उत्तर नव्हे. ३० सप्टेंबरच्या जुन्या यादीतून काही बिलं निवडायची, मूळ कागदाशी ताडायची आणि नव्या प्रणालीत त्याच तारखेने सापडतात का ते पाहायचं, असं उत्तर हवं. उलट्या दिशेनेही तेच करावं लागतं, नाहीतर नव्यात भलतंच घुसलेलं बिल नजरेतून सुटतं. शिवाय पहिल्या सहा महिन्यांच्या मंजुऱ्या जुन्या पद्धतीच्या, पुढच्या नव्या. दोन्ही वेगवेगळ्या तपासायला हव्यात. माहिती चढवण्यासाठी काही जणांना दिलेले खास अधिकार नंतर काढले का, हाही प्रश्न त्यातच येतो. १ एप्रिल २०२३पासून कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाची नोंद राहणं सक्तीचं आहे; ती नोंद त्या दिवसांत चालू होती का, हे ऑडिटरने सांगावं.

कोणती बिलं तपासणार, हे मात्र अध्यक्ष विचारत नाहीत. ते आधी फुटलं तर तपासणीला अर्थ उरत नाही.

पत्र नोव्हेंबरात गेलेलं बरं. मे महिन्यात ताळेबंद समोर येईपर्यंत जुन्या सॉफ्टवेअरचा परवाना संपलेला असू शकतो, आणि मग मूळ तारखा ताडायच्या कशाशी? म्हणून पत्राची एक प्रत व्यवस्थापनालाही जाते, खाली एक ओळ जोडून: ऑडिट पूर्ण होईपर्यंत जुनी प्रणाली निदान वाचण्यापुरती चालू ठेवावी.