तारखेवरून वार : 6 जून 1674 ला बुधवार कसा?

आज आपण कागद-पेन न घेता, फक्त डोक्यात, कुठल्याही जुन्या तारखेचा वार काढायला शिकणार आहोत. पद्धत शिकायला दहा मिनिटं पुरतात. पण ती एका ठिकाणी आपल्याला चक्क खोटं उत्तर देताना दिसेल, आणि आजचा खरा विषय तिथेच सुरू होतो.

ही पद्धत जॉन कॉनवे या इंग्रज गणितज्ञाने 1970च्या दशकात बसवली. तिला त्याने ‘डूम्सडे’, म्हणजे कयामतीचा दिवस, असं गमतीचं नाव दिलं. आपण त्याला ‘खुणेचा वार’ म्हणू. कल्पना अशी, की दर वर्षी काही ठरावीक तारखा एकाच वारी येतात. 4 एप्रिल, 6 जून, 8 ऑगस्ट, 10 ऑक्टोबर, 12 डिसेंबर. कॅलेंडर काढून बघा, कुठल्याही वर्षाचं चालेल. कारण साधं आहे. 4 एप्रिल ते 6 जून बरोबर 63 दिवस, म्हणजे नऊ आठवडे. पुढच्या प्रत्येक जोडीतही तेच अंतर. विषम महिन्यांसाठी 9 मे आणि 5 सप्टेंबर, 11 जुलै आणि 7 नोव्हेंबर. मार्चची 7 तारीख, फेब्रुवारीचा शेवटचा दिवस, आणि जानेवारीची 3 तारीख. मात्र लीप वर्ष असेल तर जानेवारीची 4.

म्हणजे त्या वर्षाचा खुणेचा वार कळला, की बाकी सगळं मागेपुढे मोजणं. तो वार कसा काढायचा? प्रत्येक शतकाला एक मूळ वार आहे. 1600 ला मंगळवार, 1700 ला रविवार, 1800 ला शुक्रवार, 1900 ला बुधवार, आणि 2000 ला पुन्हा मंगळवार. हे चक्र 400 वर्षांनी परत येतं. मग वर्षाचे शेवटचे दोन अंक घ्यायचे. त्यांत बारा किती वेळा बसतात, बाकी किती उरते, आणि त्या बाकीत चार किती वेळा बसतात, या तिघांची बेरीज करायची. बाराच का? वर्ष सरलं की वार एकाने पुढे जातो, लीप वर्षात दोनाने. बारा वर्षांत तीन लीप वर्षं, म्हणून बारा अधिक तीन, पंधरा. सातांचे दोन आठवडे टाकले की उरतो एक. म्हणजे बारा वर्षं गेली की वार एक घर पुढे.

एक तारीख करून बघू. गांधीजींची हत्या झाली 30 जानेवारी 1948 ला. 48 मध्ये बारा चार वेळा, बाकी शून्य. बुधवारपासून चार पुढे, रविवार. हा 1948 चा खुणेचा वार. वर्ष लीप आहे, म्हणून 4 जानेवारीला रविवार. मग 11, 18, 25 रविवार, आणि 30 ला शुक्रवार. तो शुक्रवारच होता. इथे 4 ऐवजी 3 जानेवारी धरली असती, तर शनिवार आला असता. जानेवारी-फेब्रुवारीतलं उत्तर एकाच दिवसाने हुकलं, तर आधी लीप वर्ष तपासायचं.

आता 6 जून 1674. रायगडावर शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक. 1600 चा मंगळवार. 74 मध्ये बारा सहा वेळा, बाकी दोन, दोनात चार शून्य वेळा. बेरीज आठ, सात टाकले, उरला एक. मंगळवार अधिक एक, बुधवार. 6 जून तर स्वतःच खुणेची तारीख. म्हणजे बुधवार. पण इतिहासाची पुस्तकं सांगतात शनिवार! हिशोबात तर चूक नाही. मग?

इथे आपण तारखेला विचारायला हवं, की बाई, तू कोणाच्या कॅलेंडरातली? आपली पद्धत ग्रेगरी कॅलेंडरची आहे. ते 1582 साली सुरू झालं. त्या वर्षी 4 ऑक्टोबर गुरुवारनंतर एकदम 15 ऑक्टोबर शुक्रवार आला. दहा तारखा गळाल्या, पण वारांची साखळी तुटली नाही. पोर्तुगालने हा बदल लगेच स्वीकारला. इंग्लंडने मात्र 1752 पर्यंत जुनं ज्युलियन कॅलेंडरच चालवलं. राज्याभिषेकाला ईस्ट इंडिया कंपनीचा वकील हेन्री ऑक्झिंडेन हजर होता, आणि इंग्रजांच्या कागदांतल्या तारखा जुन्या पद्धतीच्या. आपली 6 जूनही तीच.

तेव्हा दहा दिवस मिळवू. जुनी 6 जून म्हणजे नवी 16 जून. 6 ला बुधवार, 13 ला बुधवार, 16 ला शनिवार. जुळलं! त्याच दिवशी गोव्यातल्या पोर्तुगीज कारकुनाने पत्र लिहिलं असतं, तर त्यावर 16 तारीख पडली असती. दिवस एकच, नावं दोन.

पण गोष्ट इथेही संपत नाही. जेधे शकावलीत ज्येष्ठ शुद्ध द्वादशी, शुक्रवार अशी नोंद आहे. म्हणजे पुन्हा एक दिवसाचा फरक! त्याच नोंदीत उत्तरही आहे: तीन घटिका रात्र उरली असताना महाराज सिंहासनावर बसले. एक घटिका 24 मिनिटांची, म्हणजे सूर्योदयाला साधारण सव्वा तास बाकी. आपल्या पंचांगात वार सूर्योदयाला बदलतो, तेव्हा ती अजून शुक्रवारची रात्र होती. युरोपीय हिशोबात मध्यरात्र उलटून शनिवार लागला होता. दोन्ही नोंदी खऱ्या.

तर मग ही पद्धत काय सांगते? ‘अमुक दिवशी अमुक वार’ एवढंच ती सांगत नाही. ‘अमुक कॅलेंडर धरलं तर अमुक वार’ असं सांगते. म्हणून जुनी तारीख हातात आली की आधी तीन प्रश्न विचारू. कॅलेंडर कोणाचं? वर्ष कधी सुरू होतं? कारण 1752 पूर्वी इंग्रजांचं कायदेशीर वर्ष 25 मार्चला लागायचं, त्यामुळे त्यांच्या कागदातला ‘जानेवारी 1673’ आपल्या हिशोबात 1674 चा असू शकतो. आणि तिसरा, दिवस कधी बदलतो?

शेवटी एक सावधगिरी. वार जुळला म्हणजे तारीख सिद्ध झाली, असं समजायचं नाही. वार सातच आहेत, सातांत एकदा तो योगायोगानेही जुळेल. म्हणून अभ्यासक तिथीही ताडून बघतात. नव्या 16 जून 1674 ला पहाटे चंद्र अमावास्येपासून सुमारे बारा दिवसांचा होता, म्हणजे द्वादशी-त्रयोदशीचा सांधा. वार आणि चंद्र दोघांनीही साक्ष दिली, तर ती तारीख आपण बऱ्याच विश्वासाने धरू शकतो. नव्या 6 जूनला मात्र चंद्र जेमतेम दोन दिवसांचा होता. तिथे वारही चुकतो आणि तिथीही.