कॉलमची रिंग किती लांबीची कापायची?

घराच्या बांधकामावर लोखंडाची गाडी येण्याआधी एक कागद तयार व्हायला हवा. कोणत्या जाडीची सळई, किती लांबीची, किती तुकडे आणि कोणत्या आकारात वाकवायची, हे त्या कागदावर लिहिलेलं असतं. त्याला बार बेंडिंग शेड्यूल, थोडक्यात बीबीएस म्हणतात. एका कॉलमचं शेड्यूल स्वतः मांडून पाहिलं, की ड्रॉइंगमधली प्रत्येक रेघ कशासाठी आहे ते कळतं. म्हणून आपण एकच कॉलम घेऊ आणि त्याचा हिशेब शेवटपर्यंत नेऊ.

पुण्यातल्या एखाद्या तीनमजली घराचा मधल्या मजल्यावरचा कॉलम समजा. माप 300 बाय 450 मिलिमीटर. उभ्या सळया 16 मिलिमीटरच्या सहा: चार कोपऱ्यांत चार आणि लांब बाजूंच्या मध्यावर एकेक. त्यांना आडव्या बांधणाऱ्या रिंगा 8 मिलिमीटरच्या. एका स्लॅबपासून पुढच्या स्लॅबपर्यंत उंची 3000, त्यातली वरची 450 बीमची. म्हणजे मोकळा कॉलम 2550 मिलिमीटर. यापुढची सगळी मापं मिलिमीटरमध्येच आहेत.

रिंगेची दोन कामं असतात. वरून भार आला की उभी सळई बाहेरच्या बाजूला फुगू पाहते, तिला रिंग आवळून धरते. भूकंपात कॉलम हलतो तेव्हा आतलं काँक्रीट फुटून बाहेर पडू नये, म्हणूनही रिंगच त्याला कवटाळून ठेवते. दुसरं काम तिला तेव्हाच जमतं, जेव्हा तिची दोन्ही टोकं 135 अंशांत वळून काँक्रीटच्या गाभ्यात घट्ट रुतलेली असतात. बीबीएसमध्ये सगळ्यात जास्त चूक होते ती नेमकी या टोकांच्या मापात.

आधी रिंगेचा आकार ठरवू. काँक्रीटच्या बाहेरच्या पृष्ठभागापासून रिंगेपर्यंत 40 चं कव्हर ठेवायचं आहे आणि ते दोन्ही बाजूंनी वजा होतं. 300 मधून 80 गेले, उरले 220. 450 मधून 80 गेले, उरले 370. रिंगेचा बाहेरून घेर झाला 220 आणि 370 च्या बेरजेची दुप्पट, म्हणजे 1180. नवशिका इथे कव्हर एकाच बाजूने वजा करतो. मग रिंग फर्म्याला टेकते आणि कव्हर नाहीसं होतं.

आता सळईवरून मुंगी चालत निघाली आहे असं समजा. आपल्याला हवी आहे ती तिच्या चालीची लांबी. काटकोनी कोपऱ्यात सळई टोकदार मोडत नाही, गोल वळते. त्यामुळे चाल बाहेरच्या मापापेक्षा थोडी कमी भरते. 8 ची सळई 32 व्यासाच्या पिनेभोवती वाकवली, तर एका कोपऱ्यात सुमारे 17 वाचतात, तीन कोपऱ्यांत 50. चौथ्या कोपऱ्यात दोन्ही टोकं येतात. तिथे सळई 90 ऐवजी 135 अंश वळते, म्हणून चाल वाढते: प्रत्येक टोकाला सुमारे 23, दोन्ही मिळून 46. घट आणि वाढ जवळजवळ फिटते. म्हणजे उरतो तो घेर अधिक वळणानंतरची दोन सरळ शेपटं. शेपूट 80 चं धरलं तर कापायची लांबी झाली 1340.

साइटवर मात्र वेगळाच ठोकताळा चालतो. घेरात दोन हुकांचे 80-80 मिळवायचे, मग प्रत्येक काटकोनी वळणाला सळईच्या व्यासाची दुप्पट आणि प्रत्येक हुकाला तिप्पट वजा करायची. त्यातून उत्तर येतं 1244. आपल्या लांबीपेक्षा हे जवळजवळ 95 नी कमी आहे. हुकाच्या वळणाला चाल वाढते, पण ठोकताळा तिथे वजाबाकी करतो. अशी रिंग वाकवली की चौकोन बरोबर बसतो, कव्हरही बरोबर येतं, फक्त शेपटं 80 ऐवजी 34 च्या आसपास उरतात. भूकंपरोधक बांधणीचं आयएस 13920 हे मानक किमान 65 मागतं. ही खोट पकडणं सोपं आहे. एकच रिंग कापून वाकवून घ्यावी आणि वळण संपल्यापासून टोकापर्यंत टेप लावावी. सगळ्या रिंगा कापून झाल्यावर टेप लावून उपयोग नाही.

आता थोडी बचत. 12 मीटरच्या सळईतून 1340 चे आठच तुकडे निघतात. 1330 चे नऊ निघतात आणि शेपूट 77 चं राहतं, म्हणजे मानकात बसतं. इंजिनिअरच्या संमतीने 1330 लिहू. असे दहा कॉलम असतील, तर 40 सळयांचं काम 36 मध्ये होतं.

रिंगा किती लागतील, हे अंतरावर ठरतं. बीमजवळ कॉलमवर सर्वाधिक ताण येतो, म्हणून तिथे रिंगा दाट लागतात. अंतर लहान बाजूच्या पाव भागापेक्षा, उभ्या सळईच्या व्यासाच्या सहापटीपेक्षा आणि 100 पेक्षा जास्त नको. आपल्याकडे हे आकडे 75, 96 आणि 100. सगळ्यात लहान 75. ही दाट बांधणी खाली 450, वर 450 आणि बीमच्या उंचीतही 450 करायची. एकूण 1350 भागिले 75, म्हणजे 18. मध्यभागी जिथे उभ्या सळयांचा 800 चा लॅप आहे, तिथे अंतर 100, म्हणजे 8. लॅपच्या खाली आणि वर 425-425 उरतात. तिथे 150 चं अंतर चालतं, म्हणजे तीन-तीन. बेरीज 32. मजल्याची शेवटची रिंग पुढच्या मजल्याची पहिली ठरते, म्हणून वेगळी एक मिळवायची नाही.

रिंगेच्या दोन आखूड बाजूंमधलं अंतर 300 पेक्षा जास्त आहे. म्हणून मधल्या दोन सळयांना जोडणारी एक लिंक प्रत्येक रिंगेबरोबर हवी. तिचं बाहेरचं माप 220, वळणांचे 46 आणि शेपटांचे 160, म्हणजे साधारण 430.

उभ्या सळया एकाच पातळीवर निम्म्यापेक्षा जास्त जोडायच्या नसतात. म्हणून तीन सळया या मजल्यावर आणि उरलेल्या तीन पुढच्या मजल्यावर जोडू. प्रत्येक सळई दोन मजले जाते: 6000 अधिक लॅपचे 800, म्हणजे 6800.

वजनासाठी व्यासाचा वर्ग करून 162 ने भागायचं, म्हणजे मीटरमागे किलो मिळतात. 16 ची सळई 1.58 किलो भरते, 8 ची 0.395. एका मजल्याचं शेड्यूल असं झालं:

| तुकडा | व्यास | लांबी | नग | वजन (किलो) |
|---|---|---|---|---|
| उभी सळई | 16 | 6800 | 3 | 32.2 |
| रिंग | 8 | 1330 | 32 | 16.8 |
| लिंक | 8 | 430 | 32 | 5.4 |

एकूण 54.4 किलो. या तक्त्यात प्रत्येक तुकड्यासमोर आकाराची छोटी आकृती काढावी आणि तिच्यावर 135 अंश व शेपटाचं माप स्पष्ट लिहावं. फिटर वजनाचा रकाना बघत नाही, आकृती बघतो. तिच्यावर शेपटाचं माप नसेल, तर तो सवयीने टोक काटकोनात वळवून मोकळा होतो. बांधणी तपासताना आणखी एक पाहावं: सगळ्या हुकांची टोकं एकाच कोपऱ्यात येऊ नयेत. एका रिंगेची एका कोपऱ्यात, पुढचीची दुसऱ्या, अशी ती फिरवत न्यावीत. नाहीतर कॉलमचा तोच एक कोपरा वरपासून खालपर्यंत कच्चा राहतो.