अर्धा चमचा मीठ, सहा चमचे साखर

१९८० साली बांगलादेशात ‘ब्रॅक’ संस्थेच्या कार्यकर्त्या घरोघर जाऊन आयांना जुलाबावरचं पाणी शिकवू लागल्या. अर्धा शेर पाण्यात तीन बोटांची चिमूटभर मीठ आणि मूठभर गूळ. दहा वर्षांत एक कोटीहून जास्त घरं झाली. आईला किती लक्षात राहिलंय यावर कार्यकर्तीचा मोबदला ठरे आणि बायकांनी कालवलेल्या पाण्याचे नमुने प्रयोगशाळेत तपासले जात. एवढी काटेकोर तपासणी लागली, कारण चिमूट आणि मूठ हातागणिक बदलते.

आतड्यात सोडियम आणि ग्लुकोज जोडीने शोषले जातात आणि पाणी त्यांच्यामागून रक्तात जातं. जुलाबातही ही वाट बहुतेक शाबूत असते. पण साखर फार झाली की पाणी उलट शरीरातून आतड्यात खेचलं जातं आणि जुलाब वाढतात.

मिठाची चूक याहून घातक. एका आजीने घाईघाईत २०० मिलिलिटरच्या पेल्यात एक सपाट चमचा मीठ घातलं, असं समजा. ते साधारण ६ ग्रॅम, म्हणजे लिटरला ३० ग्रॅम. योग्य प्रमाण लिटरला ३ ग्रॅमच्या आसपास असतं. दहापट खारट झालेलं हे पाणी समुद्राच्या पाण्याच्या जवळ जातं. त्याने तान्ह्या बाळाच्या रक्तातलं सोडियम चढतं, मेंदूच्या पेशींतलं पाणी बाहेर ओढलं जातं, बाळ चिडचिडं होतं, तहानेने कासावीस होतं आणि झटकेही येऊ शकतात. त्यात त्वचा फारशी सैल पडत नाही, त्यामुळे शोष किती झालाय हे वरून पटकन कळत नाही.

ओआरएसचं पाकीट मिळत असेल तर तेच वापरावं. घरच्या पाण्यात पोटॅशियम आणि सायट्रेट नसतं. मात्र पाकिटावर लिहिलंय तेवढंच पाणी घ्यावं. लिटरचं पाकीट पेल्यात ढवळलं, तर तीही वरच्यासारखीच चूक.

पाकीट नसेल तेव्हा एक लिटर उकळून गार केलेलं पाणी, ५ मिलिलिटरच्या चमच्याने सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. पाणी मोजायला लिटरची बाटली चालते. चमचा भरला की सुरीच्या पाठीने वरचा ढीग काढून टाकायचा. शेवटी स्वतः चव घ्यायची: अश्रूंपेक्षा खारट लागलं तर ओतून देऊन नव्याने करायचं.

दोन वर्षांखालच्या मुलाला प्रत्येक जुलाबानंतर ५० ते १०० मिलिलिटर, चमच्या-चमच्याने. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा. अंगावरचं दूध चालूच ठेवावं. उरलेलं पाणी २४ तासांनी टाकावं. मूल सुस्त पडलं, पिऊ शकत नसलं, डोळे खोल गेले किंवा शौचात रक्त दिसलं, तर लगेच दवाखाना गाठावा.