१ लाख ९० हजारांचे बिल, विमा मिळाला १ लाख ५२ हजार. मधले ३८ हजार गेले कुठे? समजून घ्या कपातीचा क्रम

अंबरनाथ : दवाखान्याचे बिल पॉलिसीच्या रकमेपेक्षा कमी असले की सगळे पैसे विमा कंपनी देणार, असाच समज असतो. पण डिस्चार्जच्या दिवशी काउंटरवर हजारो रुपये भरावे लागतात आणि वाद होतो. कंपनी बिलातून चार टप्प्यांत पैसे वजा करते. त्यांचा क्रम कळला तर हिशोब घरी बसून तपासता येतो.

उदाहरण ‘आरोग्य संजीवनी’ पॉलिसीचे घेऊ. ही ठरावीक नियमांची पॉलिसी १ एप्रिल २०२० पासून आहे. यात खोलीचे भाडे दिवसाला विमा रकमेच्या २ टक्के, पण जास्तीत जास्त ५ हजार रुपये मिळते. नर्सिंगचा खर्चही याच मर्यादेत धरतात. शिवाय प्रत्येक क्लेममध्ये ५ टक्के वाटा रुग्णाचा असतो. यालाच को-पेमेंट म्हणतात.

समजा, अंबरनाथ पूर्वेतील एका कुटुंबाची २ लाखांची पॉलिसी आहे. घरातील कर्त्या माणसाचे पडून मांडीचे हाड मोडले. शस्त्रक्रिया करून सळई टाकली, पाच दिवस मुक्काम झाला. बिल असे आले :

खोलीभाडे नर्सिंगसह, ५ हजार प्रमाणे ५ दिवस : २५,०००
सर्जन, भूल, ऑपरेशन थिएटर, डॉक्टरांच्या भेटी : १,००,०००
औषधे, तपासण्या, सळई : ६०,०००
डायपर, पाण्याच्या बाटल्या, सोबत्याचे जेवण, झेरॉक्स : ५,०००
एकूण : १,९०,०००

पहिला टप्पा : न मिळणाऱ्या वस्तू
डायपर, सोबत्याचे जेवण, झेरॉक्स अशा गोष्टींची यादी पॉलिसीसोबतच असते. त्यांचे ५ हजार आधीच बाजूला काढतात. उरले १,८५,०००.

दुसरा टप्पा : पोटमर्यादा
२ लाखांचे २ टक्के म्हणजे दिवसाला ४ हजार. खोली घेतली ५ हजारांची. म्हणून पाच दिवसांचे २० हजारच मंजूर होतात. पण गोष्ट इथे संपत नाही. महागड्या खोलीत डॉक्टर आणि थिएटरचे दरही जास्त लागतात, म्हणून तो खर्चही त्याच प्रमाणात, म्हणजे ८० टक्केच धरतात. १ लाखाचे झाले ८० हजार. औषधे, तपासण्या आणि सळई यांना ही कात्री लागत नाही, ते ६० हजार पूर्ण धरले. मंजूर रक्कम झाली १,६०,०००.

म्हणजे खोलीचा फरक फक्त ५ हजारांचा, पण तोटा २५ हजारांचा झाला. सगळ्यात मोठी कपात हीच आहे. मात्र खोली बदलली तरी ज्या दवाखान्यात डॉक्टर-थिएटरचे दर बदलत नाहीत, तिथे ही प्रमाणातली कपात करता येत नाही. तसे असेल तर दवाखान्याकडून लेखी घ्या.

तिसरा टप्पा : को-पेमेंट
हे ५ टक्के मंजूर झालेल्या १,६०,००० वर लागतात, मूळ बिलावर नाही. म्हणजे ८ हजार. मूळ बिलावर लावले असते तर ९,५०० गेले असते. उरले १,५२,०००.

चौथा टप्पा : विमा रक्कम
शेवटी ही रक्कम पॉलिसीत बसते का ते बघतात. २ लाखांत १,५२,००० बसले, म्हणून तेवढे मिळाले. वर्षभरासाठी ४८ हजार शिल्लक राहिले. घरच्यांनी भरले ३८ हजार : वस्तूंचे ५, खोलीमुळे २५ आणि को-पेमेंटचे ८.

शिल्लक कमी असेल तर
समजा त्याच वर्षी आधी ८० हजारांचा क्लेम झाला होता आणि आता १,२०,००० च शिल्लक आहेत. को-पेमेंट आधी कापले तर १,५२,००० राहतात आणि त्यातले शिल्लक असलेले १,२०,००० पूर्ण मिळतात. पण आधी १,२०,००० ची मर्यादा लावून मग ५ टक्के कापले, तर हातात १,१४,००० च येतात. फरक ६ हजारांचा. सगळ्या पॉलिसींत शब्द सारखे नसतात. म्हणून को-पेमेंट नेमके कोणत्या रकमेवर, हे आपल्या पॉलिसीच्या कागदात वाचा किंवा कंपनीला लेखी विचारा.

काय तपासाल?
भरती होताना आपल्या पॉलिसीत दिवसाला किती भाडे बसते ते आधी काढा आणि त्यातलीच खोली मागा. क्लेम झाल्यावर कंपनीकडून कपातीचा तपशील मागून घ्या. त्यात दोन गोष्टी बघा : औषधे-तपासण्यांवर खोलीच्या प्रमाणातली कपात लावली आहे का, आणि को-पेमेंट मूळ बिलावर काढले आहे का. यातले काही आढळले तर कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार द्या. ३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा ते पटले नाही, तर विमा लोकपालाकडे दाद मागता येते. त्यासाठी फी लागत नाही.